नोव्हेंबरची रांग: वाचून दाखवायच्या लेखासाठी मदत हवी

सोनचाफा

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं स्नेहसंमेलन डिसेंबरात आहे. बाबा कार्यकारिणीवर आहेत. "आमची मुलगी लिहिते" असं सांगून त्यांनी माझ्या नावावर दहा मिनिटं लावून टाकली आहेत. विषयही त्यांनीच दिला: हयातीच्या दाखल्याची रांग. समोर बसणारे बहुतेक सगळे याच महिन्यात त्या रांगेत उभे राहून आलेले असणार, तेव्हा थापा चालणार नाहीत.

बाबांबरोबर मी बँकेत गेले होते. त्यावरून सुरुवात अशी केली आहे:

"बँकेत पाऊल टाकलं आणि पाहते तो काय! मारुतीच्या शेपटासारखी रांग थेट दारापर्यंत आलेली. काउंटरवरचे साहेब कुंभकर्णाच्या वंशातले असावेत. गोगलगाईलाही लाज वाटेल अशा वेगाने त्यांचं काम चाललं होतं. आम्ही जिवंत आहोत याचा पुरावा सरकारला हवा होता, पण रांग संपेपर्यंत आम्ही जिवंत राहू का, याचीच शंका होती!"

बाबा हसले नाहीत. आई "छान आहे" म्हणाली, पण ती भाजी करपली तरी तेच म्हणते. कुठे बिघडतंय?

जुना मेंबर

रामायण झालं, प्राणिशास्त्र झालं. बँक राहिली.

इंजिनियर बाबू

विषयच जुना झालाय ताई. जीवन प्रमाण २०१४ पासून आहे. २०२१ पासून तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा स्कॅन करून घरबसल्या दाखला जातो. मी आमच्या बाबांचा पाच मिनिटांत केला. आता रांगेत कोणी उभंच राहत नाही. दुसरा विषय घ्या.

टोटल टॅली

बाबू, चेहऱ्याने दाखला जातो हे बरोबर. रांग संपली हे चूक. मी काउंटरच्या आतल्या बाजूने निवृत्त झालेली बाई आहे आणि आता दर नोव्हेंबरात बाहेरच्या बाजूने उभी असते, म्हणून सांगते.

राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी कोषागारातून बँकेच्या शाखेत येते. नाव, पीपीओ नंबर आणि पुढे सहीची चौकट. नोव्हेंबरात जाऊन आपल्या नावापुढे सही करायची, किंवा अंगठा. ऑनलाइन केलेलंही चालतं, पण आमच्या पिढीला सही केल्याचं समाधान स्क्रीनवर मिळत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. मुलाने घरी मोबाइलवरून दाखला पाठवला की दुसऱ्या दिवशी वडील बँकेत येतात आणि रांगेत उभे राहतात. कशाला? "पोचला का?" हे विचारायला.

अप्पा सातारकर

नमस्कार. रांग कमी कशी करावी हा चांगला विषय घेतलात. माझी सूचना: ज्येष्ठांसाठी वेगळा काउंटर असावा. पण नोव्हेंबरात सगळेच ज्येष्ठ असतात, त्यामुळे तरुणांसाठी वेगळा काउंटर केला तर बरं पडेल. शिवाय माझा एक प्रश्न आहे. आमच्या मंडळींना ८१ वं लागलंय. त्यांना ऑक्टोबरात दाखला देता आला असता असं एकजण म्हणाला. खरं का?

टोटल टॅली

अप्पा, केंद्राच्या पेन्शनरांना ८० पूर्ण असतील तर १ ऑक्टोबरपासून देता येतो, २०१९ पासून ती सवलत आहे. तुमच्या मंडळींची पेन्शन कुठली त्यावर आहे. राज्याची असेल तर कोषागारात विचारा.

आणि तरुणांसाठी वेगळा काउंटर ही सूचना सोनचाफाने लेखात घ्यावी.

तिरकस

सोनचाफा, आमच्या कॉलनीचा दिवाळी अंक मी बरीच वर्षं काढला. दरवर्षी त्यात रांगेवर एक लेख यायचा आणि दरवर्षी त्यात मारुतीचं शेपूट असायचं. एक चाचणी सांगतो. तुमचं वाक्य उचला आणि दुसऱ्या एखाद्या रांगेत नेऊन ठेवा. बुफेच्या रांगेत, रेशनच्या रांगेत, एसटीच्या आरक्षणाला. तिथेही ते चपखल बसत असेल तर ते काढून टाका, कारण ते तुम्ही बँकेत पाहिलेलं नाही, घरून निघतानाच बरोबर नेलेलं आहे. तुमची पहिली तीन वाक्यं या चाचणीत जातात.

चौथ्याचं दुखणं वेगळं. ते वाक्य या रांगेचंच आहे, फक्त ते तुमच्या श्रोत्यांचं आहे. "दाखला मिळेपर्यंत टिकलो म्हणजे मिळवलं" हे त्यांच्यातल्या प्रत्येकाने शेजारच्याला म्हणून झालेलं असतं. तुम्ही अर्ध्यावर याल तोवर पुढच्या रांगेतल्या आजी ते पूर्ण करतील.

आता असं करा. विनोद करूच नका. त्या दिवशी काय दिसलं ते विशेषणं न लावता इथे टाका. हात कुठे होते, कोण कुणाला काय म्हणालं, कोण कुठे बसलं. गबाळं लिहिलंत तरी चालेल.

सोनचाफा

बरं, जसं आठवतंय तसं.

यादी एका टेबलावर होती, वर पंखा, म्हणून यादीवर पंचिंग मशीन ठेवलेलं. एक काका सही करून झाल्यावरही हलेनात, बोट फिरवत यादी वाचत बसले. क्लार्क त्यांना काहीतरी म्हणाला आणि मागचे हसले.

रांग म्हणजे खुर्च्यांची ओळ होती. पहिला उठला की बाकीचे सगळे एकेक खुर्ची सरकायचे. पिशवी, छत्री, काठी, पासबुक सगळं घेऊन. एक काकू म्हणाल्या, "मी काही सरकायची नाही, मला गुडघे आहेत. मागचे पुढे जाऊन बसा, पण नंबर माझा आधी." मग त्यांच्या मागचे दोघं त्यांच्या पुढे जाऊन बसले. नवीन येणाऱ्याला हे कळेना. तेव्हा त्या दोघांतला एक प्रत्येकाला सांगायला लागला, "मी यांच्या मागे आहे, पण पुढे बसलोय."

अंगठ्याच्या मशीनवर एका आजोबांचा ठसा येत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "काका, बोट कपाळावर घासा आणि मग लावा." त्यांनी घासलं. नाही आला. दुसरं बोट, तिसरं बोट. ते सारखं म्हणत होते, "मागच्या वर्षी उमटलो होतो की हो मी!"

आणि पेन. दोरीला बांधलेल्या पेनमध्ये रिफिल नव्हती. बाबांनी स्वतःचं पेन एकाला दिलं, टोपण स्वतःकडे ठेवलं.

एवढंच. यात विनोदी काही आहे असं मला वाटत नाही.

जुना मेंबर

"मागच्या वर्षी उमटलो होतो." आणि म्हणे यात विनोदी काही नाही.

तिरकस

टोपण सोडा. टोपण स्वतःकडे ठेवणारा माणूस महाराष्ट्रातल्या प्रत्येक लेखात आहे. ठेवायचाच असेल तर त्याच्या पुढची पायरी शोधा: पेन गेल्यानंतर तुमचे बाबा रांगेकडे बघत होते की पेनाकडे?

खुर्च्या मात्र सोन्याच्या आहेत. इथे एक गोष्ट बघा, तुमच्या पहिल्या परिच्छेदात ती पूर्ण निसटली होती. तिथे तुम्ही काउंटरकडे तोंड करून उभ्या होतात. साहेब संथ आहेत, हे सगळ्यांना दिसतं, आणि त्यात काही घडत नाही. संथ माणूस संथच राहतो. रांगेकडे तोंड केलंत तर तिथे सारखं काहीतरी घडत असतं, कारण रांगेतले लोक स्वतःचे नियम करत असतात. बँकेने कुठेही लिहिलेलं नाही की एकेक खुर्ची सरकायचं. टोकन घेऊन कुठेही बसता आलं असतं. तरी सगळे सरकतात. मग गुडघेवाल्या काकू अपवाद करून घेतात, मग त्या अपवादाची अंमलबजावणी करायला एक स्वयंसेवक उभा राहतो, आणि तो बँकेच्या कुठल्याही कर्मचाऱ्यापेक्षा कडक असतो. पाच मिनिटांत कायदा, सवलत आणि हवालदार, तिन्ही तयार.

लिहिताना "कायदा, सवलत आणि हवालदार" असलं काही लिहू नका. ते मी तुम्हाला समजावताना म्हटलं. तुम्ही फक्त "मी यांच्या मागे आहे, पण पुढे बसलोय" लिहा आणि गप्प बसा.

वऱ्हाडी ठेचा

खुर्च्या कायच्या भाऊ, आमच्या इकडे जूनमंदी पोरायच्या ॲडमिशनसाठी दाखल्याची लाइन लागते सेतूवर. उन्नात कोन उभं राह्यते? लोकं लाइनीत चपला ठेवतात आन् झाडाखाली जाऊन बसतात. येक डाव मी चहा पिऊन आलो, त पाह्यतो त काय, माही येक चप्पलच नाही. मांगचा म्हने, "तुमचा नंबर पायात घालून गेला ना कोनी तरी."

आता भांडन काय झालं मालूम? चप्पल गेली याचं कोनाले काही नाही. अर्धे म्हनत होते येक चप्पल आहे म्हंजे अर्धा नंबर आहे, अर्धे म्हने जोडी नाही त नंबर नाही.

सोनचाफा

मी ऑफिसात मोठ्याने हसले. हे मी घेऊ का?

वऱ्हाडी ठेचा

घ्या ना ताई. पन चप्पल सापडली त मले कळवा.

तिरकस

ठेचाभाऊंनी एक गोष्ट अचूक केली आहे. चप्पल चोरीला गेली यावर ते थांबले नाहीत. तिथे थांबले असते तर ती तक्रार झाली असती. भांडण जोडी आणि नंबर यावर गेलं, आणि दोन्ही पक्षांचं म्हणणं त्यांच्या परीने बिनतोड आहे.

पण सोनचाफा, ती त्यांचीच राहू द्या. तुमच्या श्रोत्यांना नोव्हेंबर हवा आहे. तुमचा मुख्य ऐवज म्हणजे यादीवर बोट फिरवणारे काका. तो प्रसंग तुम्ही एका ओळीत उडवलात. क्लार्क काय म्हणाला, ते आठवा.

इंजिनियर बाबू

मधेच एक तांत्रिक मुद्दा. दुसरी रांग नेहमी भराभर का सरकते यावर कोणी लिहीत नाही. तीन काउंटर असतील तर तुमची रांग सगळ्यात वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनात दोन वेळा दुसरं कोणीतरी तुमच्या आधी सुटणारच. त्यात नशिबाचा प्रश्न नाही. यावर उपाय म्हणजे सगळ्यात लहान रांगेत उभं राहणं.

टोटल टॅली

गणित बरोबर, उपाय अर्धवट. लहान रांग बघताना तुम्ही माणसं मोजता. पासबुक भरायच्या मशीनसमोर तीन माणसं होती म्हणून तुम्ही उभे राहिलात. पहिल्या वहिनींकडे स्वतःचं, नवऱ्याचं, सासूबाईंचं आणि भिशीचं अशी चार पासबुकं. दुसऱ्या गृहस्थांकडे एकच, पण ते वर्षभराने आलेत. मशीन दोन पानं छापतं आणि म्हणतं पान उलटा. उलटलं की पुन्हा आत. शेवटी पासबुकच संपतं आणि त्यांना नवीन पासबुकासाठी काउंटरच्या रांगेत जावं लागतं. जाताना ते मागच्याला सांगतात, "माझा नंबर आहे हं, मी आलोच." म्हणजे रांगेत तीन माणसं आणि एक न दिसणारा.

तेव्हा बाबू, माणसं मोजू नका. हातातली पासबुकं मोजा आणि त्यांची जाडी बघा.

जुना मेंबर

मला यात एक खटकतंय. सगळे मिळून रांगेतल्या गरीब म्हाताऱ्यांना हसताय आणि काउंटरवरच्याला सोडून देताय. तीन खिडक्यांपैकी दोन बंद, तिसरीवर "लिंक नाही", आणि आपण लिहायचं काय, तर काकूंचे गुडघे. खालच्यांनी वरच्यांना हसावं. उलटं कशाला?

टोटल टॅली

मेंबरसाहेब, "लिंक नाही" हे काउंटरवरच्या बाईच्या हातात नसतं. ती दिवसभर ते वाक्य म्हणत असते आणि दिवसभर लोक तिला विचारतात, "कधी येईल?" जणू लिंक तिची नणंद आहे.

आतून काय दिसतं सांगते. काचेला बोलण्यासाठी तोंडाच्या उंचीवर भोकं असतात आणि खाली पैसे सरकवायला फट असते. लोक भोकांतून बोलत नाहीत. वाकतात आणि फटीत बोलतात. उंच माणूससुद्धा कमरेत वाकून, मान तिरकी करून, फटीत तोंड घालून विचारतो, "मॅडम, इथे बोलायचं का?" सबंध नोकरीत मी लोकांचे चेहरे आडवेच पाहिले. बाजारात कोणी ओळख दाखवली की मला ओळखायलाच यायचं नाही.

आणि नोटा. मशीन मोजतं. मी पुन्हा हाताने मोजायची. घेणारा तिथेच उभा राहून मोजतो, पाटीवर तसं लिहिलेलंच असतं. पण त्याच्या मागे उभा असलेला माणूस ओठ हलवत मोजत असतो, त्याचं काय? त्याचे पैसे नाहीत, त्याला कोणी सांगितलेलं नाही. एकदा त्या मागच्याने सांगितलं, "एक कमी आहे." पुढच्याने पुन्हा मोजल्या. बरोबर होत्या. मागचा म्हणाला, "मग माझीच चुकली असेल," आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

जुना मेंबर

मान्य, मागचा माणूस भारी आहे. माझा मुद्दा तरीही राहतो.

दुसरं, "जिवंत असल्याचा पुरावा" हा विनोद नाही, हे लक्षात असू द्या. आझमगड जिल्ह्यातल्या लाल बिहारींना नातेवाइकांनी जमिनीसाठी महसुली कागदावर मृत दाखवलं. १९७५ पासून १९९४ पर्यंत ते कागदावर मेलेलेच होते. तशाच लोकांचा त्यांनी मृतक संघ काढला.

तिरकस

चांगलं उदाहरण आणलंत, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. लाल बिहारींनी काय केलं ते बघा. "मी जिवंत आहे" असं ओरडून काही होत नाही हे कळल्यावर त्यांनी कचेरीचंच म्हणणं खरं धरलं. नावापुढे "मृतक" लावलं. मी मेलोय ना, मग माझ्या बायकोला विधवेची भरपाई द्या, म्हणाले. नाव कुठेतरी नोंदलं जावं म्हणून निवडणुकीला उभे राहिले. २००३ साली त्यांना नोबेलची थट्टा म्हणून देतात ते इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. कचेरीवर चिडून लिहिलेली शंभर पानं एकीकडे आणि तो विधवेचा अर्ज एकीकडे. वरच्यांना हसायचं तर असं. त्यांचा नियम त्यांच्यापेक्षा काटेकोरपणे पाळायचा. "दोन खिडक्या बंद होत्या" हे बातमीत लिहा.

सोनचाफा

बाबांना विचारून क्लार्कचं वाक्य मिळवलं. पुन्हा लिहिलंय:

"यादीच्या टेबलापाशी एक काका उभे होते. त्यांना आपलं नाव सापडत नव्हतं, म्हणून ते सगळी नावं वाचत होते. काही नावांपुढे सह्या नव्हत्या. ते पाहून त्यांना फार काळजी वाटू लागली. क्लार्क त्यांना म्हणाला की आज तीनच तारीख आहे, तेव्हा काळजी करू नका. त्यांनी एका मित्राची सही नाही म्हणून विचारलं होतं. सगळे खूप हसले."

हे सांगताना बाबा हसत होते. माझ्या लिहिण्यात ते हसू येत नाहीये.

तिरकस

येईल. ऐवज सगळा आहे, क्रम उलटा लागलाय.

पहिलं: नाव सापडत नव्हतं म्हणून ते वाचत होते, हे कुठून आलं? तुमच्या आधीच्या टिपणात सही झाल्यावरही ते हलले नाहीत असं होतं. तेच ठेवा. काम झालंय, तरी माणूस निघत नाही. ऐकणारा तिथेच कान टवकारतो. नाव सापडत नसेल तर त्याच्या वाचण्यात नवल ते काय?

दुसरं: "फार काळजी वाटू लागली" काढा. बोट खाली सरकतंय आणि रिकाम्या चौकटीपाशी थांबतंय, एवढं दाखवा. काळजी ऐकणारे स्वतः आणतील, त्यांच्याकडे भरपूर आहे.

तिसरं: "तीनच तारीख" हे वाक्य आलं की तुमचं काम संपलं. त्याच्या मागे "काळजी करू नका" नको, मित्राचा खुलासा नको आणि "सगळे हसले" तर मुळीच नको. तुम्ही सांगितलंत की लोक हसले, तर समोरचे म्हणतील झालं, आमच्या वाटचं हसून झालं.

टोटल टॅली

एक बारीक गोष्ट. यादी क्लार्कच्या बाजूने सुलट असते. ज्यांना वाचायची हौस असते ते उलटीच वाचतात, आणि इतकी वर्षं वाचून पटाईत झालेले असतात. ते घालता आलं तर बघ.

आणि खरं आडनाव वापरू नकोस. त्या सभागृहात त्या आडनावाचे चौघं निघतील.

जुना मेंबर

आडनावाचं जाऊ द्या. या वर्षात संघातलं कोणी गेलं असेल तर? त्यांच्या पत्नी समोर बसलेल्या असतील आणि तुम्ही रिकाम्या चौकटीवर हशा घेणार? मी हा भाग काढला असता.

तिरकस

ही शंका रास्त आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही. मी ठेवला असता, पण वाचणार मी नाही.

अप्पा सातारकर

मी ८४ वर्षांचा आहे म्हणून बोलतो. आम्ही सकाळी पेपर उघडला की आधी निधनाचं पान बघतो. फोटो ओळखीचा निघाला तर वय बघतो आणि आपल्याहून लहान असेल तर चहा थोडा वेळ तसाच राहतो. हे आमचं रोजचं आहे. आम्हाला जपून बोलणारी माणसं फार झाली आहेत. आमची मुलं आमच्यासमोर "मेला" हा शब्द डासालासुद्धा वापरत नाहीत.

मुली, भाग ठेव. फक्त ज्याची सही नाही तो शेवटी दारातून आत येताना दाखवू नकोस. लेखात तसं करतात. बँकेत तसं होत नाही.

तिरकस

अप्पा, दिवाळी अंक काढत होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात?

अप्पा सातारकर

साताऱ्यातच होतो. आमच्या मंडळींचं काय ते मात्र अजून नीट कळलं नाही.

इंजिनियर बाबू

अप्पा, तुमच्यासाठी माहिती काढली. काल बँकेत जाणं झालं. (बाबांनी पाठवलं होतं, त्यांचा दाखला पोचला का ते बघायला. रांग अशी काही नव्हती, चौकशीला थोडे लोक होते.) तिथल्या मॅडम म्हणाल्या, नोव्हेंबर संपेपर्यंत काकूंना घेऊन या, आणि चालता येत नसेल तर आधी फोन करा, काय करता येईल ते बघू.

टोटल टॅली

चौकशीला थोडे लोक. बरं.

सोनचाफा

हे बघा आता. खुर्च्यांचा भाग याच्या आधी येतो, "उमटलो होतो" वाले आजोबा नंतर. पेन काढून टाकलं.

"यादी टेबलावर होती. वर पंखा, म्हणून यादीवर पंचिंग मशीन. माझ्या पुढच्या काकांनी आपलं नाव शोधलं, सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं. आता निघतील असं वाटलं. पण त्यांनी पंचिंग मशीन थोडं बाजूला सरकवलं आणि यादीवर बोट ठेवलं. यादी आता क्लार्ककडे तोंड करून होती, म्हणजे काकांना उलटी. त्यांना काही अडचण दिसली नाही. बोट एकेका नावावरून खाली चाललं. सही, सही, सही. मग एका रिकाम्या चौकटीवर थांबलं.

काका हळूच म्हणाले, 'देशमान्यांची नाही.'

क्लार्कने मान वर केली नाही. 'काका,' तो म्हणाला, 'आज तीनच तारीख आहे.'"

जुना मेंबर

माझी हरकत मागे घेत नाही, पण हसलो.

तिरकस

"हळूच" काढून बघा. मग दोन्ही मोठ्याने वाचा आणि कान म्हणेल ते ठेवा. "देशमाने" कुठून आणलंत?

सोनचाफा

बाबांना विचारलं, संघात कुठलं आडनाव नाही? त्यांनी सभासदांची यादी काढली आणि बोट फिरवत बसले.

अप्पा सातारकर

आमच्या कट्ट्यावर आज संध्याकाळी वाचून दाखवलं. सगळे हसले. माझा एक मित्र सोडून. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा वाचलं. तो म्हणाला, "ऐकलं रे. आज किती तारीख?" मी म्हटलं सव्वीस.

उद्या सकाळी दहाला आम्ही तिघं बँकेत जातोय. मंडळींनाही घेतो. तो म्हणतो साडेनऊलाच जाऊ, खुर्ची मिळेल.